नवी बाईक, सिंथेटिक ऑइल आणि न बसणाऱ्या रिंगा

“नव्या बाईकमध्ये लवकर सिंथेटिक ऑइल घालू नका. ते इतकं निसरडं असतं की पिस्टनच्या रिंगा बसतच नाहीत,” असा सल्ला नेहमी ऐकू येतो.

रिंग सिलिंडरच्या भिंतीला घासून बसते, म्हणजे फट न ठेवता जुळते, हे खरं. पण तिला भिंतीवर दाबतो तो मुख्यतः ज्वलनाच्या वायूंचा दाब. भिंतीवर होनिंगच्या बारीक आडव्यातिडव्या रेघा असतात, त्यांचे उंचवटे झिजले की रिंग बसते. तेल मिनरल असो वा सिंथेटिक, हे घडतंच. काही गाड्या तर कारखान्यातूनच सिंथेटिक भरून येतात. उलट पहिले काही दिवस अगदीच जपून, कमी लोडवर चालवली तर दाब अपुरा पडतो. म्हणून वेग बदलता ठेवा, मधूनमधून मध्यम थ्रॉटल द्या, मात्र मॅन्युअलमधली मर्यादा पाळा.

पहिली सर्व्हिस बहुतेक गाड्यांना ५०० ते १००० किमीदरम्यान असते. नव्या गिअरचा धातूचा कीस आणि क्लचची भुकटी तेलात उतरते, ती काढायची असते. सिंथेटिक भरलंय म्हणून ही सर्व्हिस लांबवणं चूकच. त्याआधी कंपनीचं तेल काढून टाकायचीही गरज नाही.

समजा मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३० ही तेलाची ग्रेड आणि जासो एमए हे बाईकच्या तेलाचं मानक लिहिलंय. डब्यावर तेच असेल तर पहिल्या सर्व्हिसला सिंथेटिक चालेल. कारचं तेल मात्र नको, त्याने क्लच घसरू शकतो.

रिंगा बसल्या का, हे तेलाच्या पातळीवरून कळतं. गाडी सरळ उभी करून, मॅन्युअलमधल्या पद्धतीने दर ५०० किमीला पाहा. पातळी सतत उतरत असेल आणि धूर निळसर असेल, तर मेकॅनिकला दाखवा.