कंबर मागे वाकताना दुखते तेव्हा

उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करणारा १६ वर्षांचा मुलगा. कंबर दुखते, पण फक्त डावीकडे, आणि एका बोटाने दाखवता येईल इतक्या नेमक्या जागी. खाली वाकून बुटाची नाडी बांधताना त्रास होत नाही. मात्र तिसऱ्या-चौथ्या षटकात पुढचा पाय क्रीजवर आदळला की कळ येते. त्याला डाव्या पायावर उभं करून हळूच मागे वाकायला सांगितलं, तर त्याचा हात आपोआप त्याच जागी जातो.

आता कंबरेच्या आत काय होतं ते पाहू. प्रत्येक मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाची कमान असते. तिच्यात डावीकडे आणि उजवीकडे एकेक अरुंद पट्टी असते. तिला पार्स म्हणतात. आपण मागे वाकलो की वरच्या मणक्याचं खालचं टोक या पट्टीवर दाब देतं. पुढे वाकलो की दाब सुटतो. चेंडू सोडण्याच्या सुमारास उजव्या हाताचा गोलंदाज मागे कललेला, डावीकडे झुकलेला आणि वळत असलेला असतो, आणि त्याच वेळी पुढच्या पायातून शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट धक्का वर येतो. म्हणून बहुतेक वेळा चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूची पट्टी थकते. एका चेंडूने ती मोडत नाही. रोजची बारीक झीज भरून यायला हाडाला वेळ मिळाला नाही, की तडा जातो. या वयात कमरेचं हाड अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं, त्यामुळे मोठ्यांइतकी षटकं त्याला झेपत नाहीत.

मागे वाकताना दुखलं म्हणजे तडा गेलाच असं नाही, आणि दुखलं नाही म्हणून तो नाहीच असंही नाही. पण तरुण वेगवान गोलंदाजाच्या बाबतीत 'स्नायू आखडलाय' म्हणून ही खूण सोडून देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. साधा एक्स-रे सुरुवातीला बहुधा स्वच्छच येतो आणि सगळे निर्धास्त होतात. एमआरआयमध्ये मात्र हाडाच्या आतली सूज तडा पडण्याआधीही दिसू शकते.

या मुलाच्या एमआरआयमध्ये कमरेच्या पाचव्या मणक्याच्या डाव्या पट्टीत सूज आहे, तडा नाही. म्हणजे वेळ हातात आहे. गोलंदाजी पूर्ण बंद. तीन-चार आठवड्यांत दुखणं थांबेल आणि खरी अडचण तिथे येईल, कारण हाड अजून भरलेलं नसेल. पोट, पाठ आणि मांड्यांची ताकद वाढवून काही महिन्यांनी थोडे चेंडू, कमी वेगाने, मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवून. सामना खेळायला सहा महिनेही लागू शकतात. घाई केली आणि दुसऱ्या बाजूची पट्टीही गेली, तर मणका पुढे सरकण्याचा धोका असतो.

ऑस्ट्रेलियाचा पॅट कमिन्स २०११ मध्ये १८ व्या वर्षी पहिली कसोटी खेळला. दुसरी कसोटी खेळायला २०१७ उजाडलं. मधल्या काळात पाठीच्या हाडाने त्याला पुन्हा पुन्हा थांबवलं होतं.