डॉलरचा भाव आणि आयातदाराचा पडता

आयात मालाचा पडता, म्हणजे माल हाती येईपर्यंतचा एकूण खर्च, डॉलरवर झुलतो, ही आपल्याकडे तशी अलीकडची गोष्ट आहे. 1991 पर्यंत रुपयाचा दर सरकार आणि रिझर्व्ह बँकच ठरवत असत. तो कधी वर्षानुवर्षं स्थिर राहायचा, कधी हळूहळू घसरायचा आणि एखाद्या वेळी एकदम तोडला जायचा. 6 जून 1966 ला डॉलर 4.76 वरून 7.50 रुपयांवर गेला. 1991 च्या जुलैत तीन दिवसांत दोनदा अवमूल्यन होऊन तो सुमारे 21 वरून 26 च्या आसपास पोहोचला. अशा धक्क्यासाठी आधी तजवीज करणं व्यापाऱ्याच्या हातात फारसं नव्हतं. त्या काळात त्याचा जीव आयातीच्या लायसन्समध्येच जास्त अडकलेला असे.

मार्च 1992 मध्ये दुहेरी दर आला, एक सरकारी आणि एक बाजाराचा; वर्षभरात तोही गेला आणि मार्च 1993 पासून दर बाजारावर सोडला. दराची जोखीम आयातदाराच्या वहीत रोजची म्हणून आली ती तेव्हापासून.

तिचा खरा चटका 2013 मध्ये बसला. समजा, इचलकरंजीच्या एका कारखानदाराने त्या मे महिन्याच्या मध्यावर 1 लाख डॉलरचे माग मागवले, पैसे ऑगस्टअखेर द्यायचे. डॉलर तेव्हा 55 च्या आसपास होता, म्हणून त्याने यंत्रांची किंमत 55 लाख धरली. मे अखेरीस अमेरिकेची मध्यवर्ती बँक रोखेखरेदी आवरती घेणार अशी हवा झाली आणि 28 ऑगस्टला डॉलर 68 च्याही वर गेला. त्या सुमारास पैसे भरणाऱ्याला तेरा लाखांचा फटका. कापडाचा भाव मात्र 55 लाखांच्या हिशेबाने कबूल केलेला.

बँकेकडे फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेला आज ठरलेल्या दराने डॉलर घेण्याचा करार, केला असता तर ऑगस्टचा दर मे महिन्यातच पक्का झाला असता, पण 55 ला नव्हे. रुपयावरचं व्याज डॉलरपेक्षा जास्त, तो फरक प्रीमियम म्हणून दरात चढतो. समजा रुपयाभर प्रीमियम लागून दर 56 ठरला; म्हणजे लाखभर रुपये जास्त. बरेच जण हा लाख वाचवायला जातात. दर खाली येईल असं त्यांना वाटत असतं, आणि क्वचित तसं होतंही. पण तो माग विणण्याचा धंदा नव्हे, सट्टा झाला.

फॉरवर्डने सगळा पडता मात्र बांधला जात नाही. सीमाशुल्क आकारायला बँकेचा दर चालत नाही. बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टमला द्यायचं विवरणपत्र, दाखल होताना कस्टमने जाहीर केलेला दर लागू असतो. डॉलर महागला की ड्युटीही वाढते, फॉरवर्ड असो वा नसो. ड्युटीच्या अंदाजाइतकी रक्कम पडत्यात राखून ठेवावी लागते ती यासाठीच.

दुसरी अडचण तारखेची. जहाज रखडलं, देणं लांबलं, तर फॉरवर्ड पुढे ढकलावा लागतो आणि तोवर रुपया वधारला असेल तर जुन्या दराचा तोटा बँक तिथल्या तिथे खात्यातून वळता करते. ऑर्डरच रद्द झाली तरी सुटका नाही, 56 चा करार असताना डॉलर 54 वर आला असेल तर डॉलरमागे वरचे दोन रुपये भरूनच करार मिटतो.