सर्पदंशाच्या संगणकीय नोंदी आणि विभागागणिक बदलणारा रिकाम्या रकान्याचा अर्थ

सोयाबीन-तुरीच्या पेरणीपासून काढणीपर्यंत मराठवाड्यातील रुग्णालयांत सर्पदंशाचे रुग्ण सातत्याने येतात. रुग्ण दारात आल्यापासून प्रतिविषाचा पहिला डोस मिळेपर्यंत किती वेळ गेला, हा प्रश्न पाच वर्षांच्या संगणकीय नोंदींवरून सहज सुटेल असे वाटते. तो सहज का सुटत नाही, हे त्या नोंदींच्या इतिहासावरून कळते.

रुग्णालयांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहण्याजोग्या नाहीत, ही तक्रार फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1860च्या दशकातच केली होती. पुढे 1907मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हेन्री प्लमर यांनी डॉक्टरागणिक वेगळ्या असणाऱ्या वह्या मोडून प्रत्येक रुग्णाचा एकच कागदसंच सुरू केला. आपल्याकडे केस पेपर रुग्णाचा असला, तरी रजिस्टरे विभागांचीच राहिली. कॅज्युअल्टीचे एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणांचे, रजिस्टर पोलिसांसाठी, औषधभांडाराचे साठ्याच्या हिशेबासाठी आणि वॉर्डाचे पाळी बदलताना कामे सोपवण्यासाठी असते. केंद्र सरकारने आरोग्यनोंदींची मानके 2013मध्ये जाहीर केली आणि 2016मध्ये सुधारली, परंतु संगणकावर काम सुरू झाले तेव्हा बहुतेक ठिकाणी हीच रजिस्टरे पडद्यावर उतरली. एकाही रजिस्टराचा हेतू संशोधन हा नव्हता, आणि माझ्या मते विसंगतीचे मूळ कर्मचाऱ्यांच्या हलगर्जीपणात नसून येथे आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. संशोधकाने आयसीडी-10 या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील T63.0 हा सर्पविषाचा संकेतांक शोधला आणि 140 रुग्ण मिळाले. औषधभांडाराच्या इंडेंटवरून, म्हणजे औषधाच्या मागणीपत्रांवरून, प्रतिविष घेतलेले 175 रुग्ण निघाले, त्यांपैकी 120 पहिल्या यादीतही होते. दोन्ही मिळून 195 झाले. एमएलसी रजिस्टरातून आणखी 20 सापडले, म्हणजे 215. केवळ संकेतांकावर विसंबले असते, तर 75 रुग्ण, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक, हातचे गेले असते. हे 75 जण सर्व विभागांत सारखे विखुरलेलेही नसतात. सर्जरी विभागात घोणसदंशाने सुजलेला पाय ‘सेल्युलायटिस’, म्हणजे त्वचेखालचा जंतुसंसर्ग, म्हणून नोंदला जातो. रात्री झोपेत मण्यार चावली, तर दाताची खूण दिसेलच असे नाही, त्यामुळे निदान ‘अननोन बाइट’ असेच राहते.

वेळेचा प्रश्न याहून अवघड आहे. कॅज्युअल्टीत डॉक्टर आधी उपचार करतात आणि नोंदणी नंतर होते, म्हणून संगणकावरील आगमनाची वेळ खऱ्या आगमनानंतरची असते. वॉर्डात परिचारिका दिवसभराच्या नोंदी पाळी संपताना एकत्र भरतात. अशा मागाहून भरलेल्या वेळा ओळखण्याची खूण सोपी आहे. आगमनापूर्वीच प्रतिविष दिल्याचे दाखवणाऱ्या, म्हणजे ऋण कालावधीच्या, नोंदी विभागवार मोजाव्यात आणि मिनिटांच्या रकान्यात 00 व 30 यांची गर्दी किती आहे ते पाहावे. ऋण नोंदी केवळ वगळून भागत नाही, कारण उशिरा नोंदणी झालेल्या उरलेल्या रुग्णांतही कालावधी खऱ्यापेक्षा कमीच दिसतो.

सर्वाधिक फसवणारी गोष्ट म्हणजे विषाने रक्त गोठणे बिघडले का, हे पाहणारी 20 मिनिटांची चाचणी. ती कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाच्या खाटेशेजारी होते, नमुना प्रयोगशाळेत जात नाही, म्हणून प्रयोगशाळेच्या प्रणालीत तिचा मागमूस नसतो. बालरोग विभागाने स्वतःच्या तपासणी तक्त्यात तिचा रकाना ठेवला असेल आणि मेडिसिनमध्ये ती हाताने केस पेपरवर लिहिली जात असेल, तर संगणकावर मुलांची तपासणी झाली आणि मोठ्यांची राहिली असे चित्र उभे राहते. येथे रिकामा रकाना ‘केले नाही’ असे सांगत नाही. तो ‘येथे लिहिले नाही’ एवढेच सांगतो. तशीच चूक ग्रामीण रुग्णालयातून पाठवलेल्या रुग्णांबाबत होते. त्यांना आधीच दिलेल्या प्रतिविषाच्या कुप्यांचा उल्लेख रेफर चिठ्ठीवरच असतो, त्यामुळे त्यांचा एकूण डोस संगणकावर कमी दिसतो.

निवाडा करायचा तर प्रत्येक विभागातून, समजा, 40 केस पेपर यादृच्छिकपणे काढून दोन परीक्षकांनी संगणकीय नोंद न पाहता वाचावेत आणि प्रत्येक रकाना कागदाशी किती जुळतो हे विभागवार मांडावे. सर्व विभागांची एकच सरासरी काढली, तर चांगली नोंद वाईट नोंदीला झाकते. दैनंदिन नोंदींवरील अभ्यासांसाठी 2015मध्ये प्रसिद्ध झालेली ‘रेकॉर्ड’ मार्गदर्शिका रुग्ण कोणत्या संकेतांकांनी निवडले आणि ती निवड कशी पडताळली, हे लिहायला सांगते. ज्या विभागात वेळ कागदाशी जुळत नाही, तेथे रिकाम्या जागी इतर विभागांची सरासरी भरू नये, कारण वेळ न लिहिण्याचे कारण बहुधा रुग्ण गंभीर असणे हेच असते. त्या विभागापुरता वेळेचा प्रश्न सोडून देऊन मृत्यू, डायलिसिस, एकूण कुप्या अशा कागदाशी जुळणाऱ्या बाबींवरच निष्कर्ष मांडावा, आणि कुप्यांच्या बाबतीत रेफर होऊन आलेले रुग्ण वेगळे ठेवावेत.