चाळीस मिलिसेकंदांत चेहरा बदलताना

चालू व्हिडिओ कॉलमध्ये एका माणसाच्या चेहऱ्याजागी दुसऱ्याचा चेहरा बसवायचा, तर संगणकाला वेळ किती मिळतो? सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर एका फ्रेमला ४० मिलिसेकंद. एवढ्या वेळात फ्रेममधला चेहरा शोधायचा, दोन डोळे, नाक आणि ओठांचे दोन कोपरे असे पाच बिंदू पकडायचे, त्यांच्या आधारे चेहरा सरळ करून चौकोनात कापायचा, त्या चौकोनावर चेहरा बदलणारे मॉडेल चालवायचे आणि निघालेला तुकडा मूळ जागी, मूळ कोनात, कडा मऊ करून परत चिकटवायचा. ज्याचा चेहरा लावायचा, त्याच्या फोटोवरून ५१२ आकड्यांची ‘ओळख’ मात्र सुरुवातीला एकदाच काढून ठेवतात. ते काम प्रत्येक फ्रेमला करावे लागत नाही.

या कामासाठी बरेच वापरले जाणारे मॉडेल म्हणजे `inswapper_128.onnx`. नावातला १२८ हा आकडाच सगळी गोष्ट सांगतो: मॉडेल फक्त १२८ बाय १२८ पिक्सेलचा चेहरा तयार करते. कॅमेऱ्यासमोर जवळ बसलेल्या माणसाचा चेहरा ७२० ओळींच्या व्हिडिओत सहज ३०० पिक्सेल उंच असतो. म्हणजे छोटा तुकडा दुपटीहून जास्त ताणला जातो. परिणामी कान आणि केस स्वच्छ, पण गाल, पापण्या, दात धूसर, असे विचित्र चित्र दिसते. खुर्ची दोन हात मागे सरकवली की हाच दोष जवळजवळ नाहीसा होतो, कारण चेहराच लहान होतो.

मग मोठा चौकोन का घेत नाहीत? ५१२ बाय ५१२ मध्ये १२८च्या १६ पट पिक्सेल असतात. तीच रचना ठेवली, तर आकडेमोडही साधारण त्याच पटीत वाढते. म्हणून अनेकजण छोट्या चौकोनानंतर जीएफपीगॅनसारखे धूसर चेहरा स्पष्ट करणारे दुसरे मॉडेल लावतात. समजा, एखाद्या संगणकावर चेहरा शोधायला ८, बदलायला १८ आणि कापण्या-चिकटवण्याला ५ मिलिसेकंद लागतात. एकूण झाले ३१, म्हणजे जमले. त्यावर स्पष्ट करण्याचे ३५ आले की बेरीज ६६ होते आणि वेग सेकंदाला १५ फ्रेमवर येतो. शिवाय हे मॉडेल पापण्या आणि त्वचेची छिद्रे अंदाजाने रंगवते, आणि आधीच्या फ्रेममध्ये काय रंगवले होते हे त्याला माहीत नसते. त्यामुळे स्थिर फोटोत सुंदर दिसणारा चेहरा व्हिडिओत लुकलुकतो. आमच्या मते कॉलसाठी थोडा धूसर पण स्थिर चेहराच बरा.

मॉडेलची फाइल किती मोठी, हा प्रश्न केवळ साठवणुकीचा नाही. वरची फाइल, म्हणजे मॉडेलने शिकलेल्या आकड्यांचा साठा, सुमारे ५५४ एमबीची आहे. प्रत्येक फ्रेमला त्यातले जवळजवळ सगळे आकडे स्मृतीतून वाचावे लागतात. सेकंदाला ३०० जीबी वाचणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला त्यासाठी दोन मिलिसेकंदही लागत नाहीत. सेकंदाला ३० जीबी वाचणाऱ्या फोनला मात्र नुसत्या वाचनालाच १८ मिलिसेकंद लागतील, आकडेमोडीचा वेळ वेगळाच. आकडे ३२ऐवजी १६ बिटांत ठेवले की हा खर्च निम्मा होतो आणि डोळ्यांना सहसा फरक कळत नाही.

फोनसाठी २०२२च्या मोबाइलफेसस्वॅप या पद्धतीने अधिक चतुर वाट काढली. तिथे मोठे जाळे, म्हणजे मोठे मॉडेल, फोटोवरून एकदाच चालते आणि छोट्या जाळ्याचे वजन-आकडे ठरवून देते. मग प्रत्येक फ्रेमला धावते ते फक्त छोटे जाळे, सुमारे ५ लाख आकड्यांचे. म्हणजे जाळे त्या एका चेहऱ्यापुरते शिवून घेतलेले असते. चेहरा बदलायचा, तर पुन्हा मापे घ्यायची.

वेग वाढवण्याची दुसरी युक्ती म्हणजे कामे साखळीत लावणे: एका फ्रेमवर मॉडेल चालू असताना पुढच्या फ्रेममधला चेहरा शोधायचा. फ्रेम वाढतात, पण प्रत्येक फ्रेम पोचायला लागणारा वेळ कमी होत नाही. कधी वाढतोही. आणि दोन्ही कामे एकाच ग्राफिक्स कार्डावर असली, तर ती एकमेकांना अडवतात, फायदा फारसा उरत नाही. चित्र १५० मिलिसेकंद मागे पडले तर आवाजही मुद्दाम तेवढाच उशिरा पाठवावा लागतो. आवाज ओठांच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तरी माणसांना ते जाणवू लागते. उशिरा आला तर साधारण १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपते.

कधी कधी दोष मॉडेलचा नसतोच. खोलीत अंधार असला की वेबकॅम प्रत्येक फ्रेमसाठी प्रकाश घेण्याचा वेळ लांबवतो आणि स्वतःच ३०वरून १५ फ्रेमवर येतो. तेव्हा महागड्या कार्डापेक्षा टेबल-दिवा जास्त उपयोगी पडतो.

वेगाने तोडगा निघत नाही तो बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्याचा. मान पूर्ण वळली की पाचांपैकी दोन बिंदू झाकले जातात, चौकोन चुकीचा कापला जातो आणि नाकाची कड थरथरू लागते. तोंडावरून हात फिरवला तर मॉडेल हातावरच ओठ रंगवते, किंवा बोटे क्षणभर गालात विरघळतात. हाताचा भाग वगळायला वेगळे मॉडेल लावता येते, पण आपल्या उदाहरणातल्या संगणकावर त्यासाठी उरलेत ९ मिलिसेकंद.