रजा कोणती, किती दिवसांची? सरकारी कर्मचाऱ्याने स्वतःची रजा-फाइल कशी ठेवावी

रजेचा अर्ज टेबलावर ठेवला, साहेब "ठीक आहे" म्हणाले, की आपल्या दृष्टीने विषय संपतो. कार्यालयाच्या दृष्टीने तो तेव्हा सुरू होतो. अर्ज आवकमध्ये नोंदला जातो, आस्थापना शाखेकडे येतो, टिपणी होते, मंजुरी आदेश निघतो आणि शेवटी सेवापुस्तकातल्या रजेच्या हिशेबात दिवस वजा होतात. यातली कुठलीही कडी सुटू शकते. सुटलेली कडी सापडते ती बहुधा निवृत्तीच्या आधी, सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जाऊन आक्षेप लागून परत येते तेव्हा. तोपर्यंत ज्यांच्या सहीने रजा मंजूर झाली ते अधिकारी बदलून गेलेले असतात आणि लिपिकही तिसराच असतो. मी बरीच वर्षे आस्थापना टेबलावर काढली आहेत, त्यामुळे हे दोन्ही बाजूंनी पाहिले आहे.

ही माहिती राज्य शासनाच्या ज्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 लागू आहेत त्यांच्यासाठी आहे. कंत्राटी आणि मानधनावरच्या कर्मचाऱ्यांची रजा त्यांच्या करारातल्या अटींवर चालते. त्यांनी कागद जपण्याचा भाग घ्यावा, रजेचे आकडे घेऊ नयेत.

प्रकारावरून वाद का होतो

अर्जित रजा, म्हणजे बोलण्यातली ईएल, वर्षाला 30 दिवस. 1 जानेवारीला 15 आणि 1 जुलैला 15 अशी ती आगाऊ जमा होते. अर्धवेतनी रजा वर्षाला 20 दिवस, तीही 10-10 अशी. आजारपणात वैद्यकीय प्रमाणपत्रावर पूर्ण पगाराची जी रजा मिळते आणि जिला आपण सरसकट "मेडिकल" म्हणतो, ती म्हणजे परिवर्तित रजा. तिचे वेगळे खाते नसते. जितके दिवस घ्याल त्याच्या दुप्पट अर्धवेतनी रजा खर्ची पडते. शिल्लक नसेल किंवा कागद अपुरे असतील तर गाडी असाधारण रजेवर, म्हणजे बिनपगारी रजेवर जाते. ती वैद्यकीय कारणाशिवाय असेल तर वेतनवाढीची तारीखही पुढे सरकू शकते. किरकोळ रजा, वर्षाला 8 दिवस, या हिशेबात येतच नाही. तिची नोंदवही वेगळी असते आणि उरलेले दिवस वर्षअखेर संपतात. ती दुसऱ्या रजेला जोडताही येत नाही. दोन दिवस सीएल टाकून पुढे आजारपण वाढले की मागचे दोन दिवसही दुसऱ्या रजेत बदलावे लागतात, आणि तिथे गोंधळाची पहिली ठिणगी पडते.

या प्रकारांत पैशाच्या दृष्टीने सर्वांत महागडी अर्जित रजा, कारण निवृत्तीच्या वेळी शिल्लक अर्जित रजेचे 300 दिवसांपर्यंत रोखीकरण मिळते. तुमचे आजारपण चुकून अर्जित रजेत टाकले गेले, तर तेवढ्या दिवसांचा शेवटचा पगार जातो.

रजा हा हक्क नाही, हे वाक्य प्रत्येक साहेबाला पाठ असते. त्याच नियमाचा दुसरा भाग फारसा कुणी सांगत नाही. कामाच्या निकडीमुळे रजा नाकारता येते, मंजूर केलेली रद्दही करता येते. पण खात्यावर देय असलेली आणि तुम्ही मागितलेली रजा तुमच्या लेखी विनंतीशिवाय दुसऱ्या प्रकारात बदलता येत नाही. म्हणजे वाद झाला की एकच प्रश्न उरतो: तुम्ही मागितली कोणती होती? याचे उत्तर तुमच्या अर्जात आहे. तो अर्ज कार्यालयाच्या नस्तीत सापडला नाही आणि तुमच्याकडेही प्रत नसेल, तर आदेशात जे छापले आहे तेच खरे धरले जाते.

अर्ज देताना

अर्ज नमुना 1 मध्ये करायचा. रजेचा प्रकार पूर्ण नावाने लिहा. "वैद्यकीय रजा" असे लिहू नका. त्या नावाची रजा नियमात नाही आणि लिपिकाने तिचा अर्थ परिवर्तित, अर्जित की अर्धवेतनी असा लावायचा, हे त्याच्या मर्जीवर राहते. पासून-पर्यंतच्या तारखा आणि एकूण दिवस लिहा. आधीच्या आणि नंतरच्या सुट्ट्या जोडून हव्या असतील तर त्यांच्या तारखा त्यासाठीच्या रकान्यात वेगळ्या लिहा. "दि. 4 ते 19 रजा मिळावी" असे मोघम लिहिले की सुट्ट्याही रजेत मोजल्या जातात, आणि त्यात लिपिकाची चूक काढता येत नाही.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक आवक शाखेत द्या आणि दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. "सही कशाला, आपलंच ऑफिस आहे" असे उत्तर मिळेल. हसून घ्या, पण सही घेतल्याशिवाय हलू नका. घरूनच अर्ज पाठवावा लागला तर कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि मूळ प्रत स्पीड पोस्टने. पोस्टाची पावती सांभाळा आणि पोचल्याची ऑनलाइन नोंद त्याच आठवड्यात छापून घ्या. साहेबांनी व्हॉट्सअॅपवर "ओके" लिहिले असेल तर तो मंजुरी आदेश नव्हे, पण तुम्ही कळवले होते याचा पुरावा आहे. स्क्रीनशॉट घ्याच, शिवाय मूळ संभाषण फोनमधून पुसू नका. स्क्रीनशॉटवर शंका घेता येते, मूळ संदेशावर तितकी सहज नाही.

वैद्यकीय प्रमाणपत्र आणि नंतरचा तंदुरुस्तीचा दाखला, दोन्हीच्या झेरॉक्स मूळ कागद देण्याआधी काढा. रजेनंतर हजर झाल्याचा रुजू अहवाल द्या. त्यात "मध्यान्हपूर्व" की "मध्यान्होत्तर" हे लिहा आणि त्याचीही पोच घ्या. रुजू अहवाल न देता नुसते मस्टरवर सही करून कामाला लागणारे अनेक आहेत. त्यांची रजा कधी संपली याचा स्वतंत्र कागदच तयार होत नाही.

एक प्रकरण, तारखांसह

एका तालुका कार्यालयातले वरिष्ठ लिपिक फेब्रुवारी 2023 मध्ये आजारी पडले. त्यांनी सोमवार 6 ते शुक्रवार 17 अशी 12 दिवसांची परिवर्तित रजा मागितली. मधले 11 आणि 12 हे शनिवार-रविवार रजेतच मोजले जातात, म्हणून दिवस 10 नव्हे, 12. आधीचे शनिवार-रविवार 4 आणि 5, नंतरची 18 ची महाशिवरात्र आणि 19 चा रविवार, या सुट्ट्या जोडण्याची परवानगी त्यांनी वेगळी मागितली. तंदुरुस्तीचा दाखला 18 तारखेचा होता. 20 ला सकाळी ते रुजू झाले.

आदेश निघाला जूनमध्ये: "दि. 4 ते 19 फेब्रुवारी, 16 दिवस अर्जित रजा". प्रत त्यांना मिळालीच नाही, आणि पगार पूर्ण निघत असल्याने शंकाही आली नाही. दोन वर्षांनी सेवापुस्तक पाहताना ते लक्षात आले.

फरक मोजू. अर्जित रजेतून 16 दिवस गेले होते, जायला हवे होते शून्य. अर्धवेतनी रजेतून 12 च्या दुप्पट 24 दिवस जायला हवे होते, गेले शून्य. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना 75,000 रुपये धरले तर दिवसाला 2,500, म्हणजे रोखीकरणात 40,000 रुपयांचा फरक. अर्धवेतनी खात्यावर तेव्हा 140 दिवस शिल्लक होते, त्यामुळे मागितलेली रजा देय होती यात वाद नव्हता.

त्यांच्याकडे चार कागद होते: आवक क्रमांक असलेली अर्जाची प्रत, दोन्ही दाखल्यांच्या झेरॉक्स आणि रुजू अहवालाची पोच. निवेदन दीड पानाचे. त्यात कुणावर आरोप नाही. कोणती रजा मागितली, कोणती मंजूर झाली, आपण बदलाची लेखी विनंती कधीच केलेली नाही, आणि शुद्धिपत्रक काढून रजेचा हिशेब दुरुस्त करावा, एवढेच. शुद्धिपत्रक निघाले. दाखला 20 तारखेचा असता तर 18 आणि 19 वरून मात्र भांडण झाले असते. बरे झाल्याचा दाखला बरे झालेल्या दिवशीच घ्यावा, रुजू व्हायच्या सकाळी रांगेत उभे राहून नव्हे.

स्वतःची नोंदवही

एक साधी शंभर पानी वही पुरते. प्रत्येक रजेला एक ओळ, आणि तीही त्याच दिवशी लिहिलेली. वरच्या प्रकरणाची ओळ अशी झाली असती:

"परिवर्तित, 6-2-23 ते 17-2-23, 12 दिवस; सुट्ट्या जोडून 4, 5 व 18, 19; आवक क्र. व तारीख, रुजू 20-2-23 म.पू.; आदेश क्र. व तारीख: —, सेवापुस्तकात नोंद पाहिली: —"

शेवटचे दोन रकाने रिकामे दिसले की काम शिल्लक आहे. महिनाभर आदेश आला नाही तर अर्जाचा आवक क्रमांक देऊन एक ओळीचे स्मरणपत्र द्या, त्याचीही पोच घ्या. आदेश हातात आला की प्रकार, तारखा आणि दिवस ही तीनच गोष्टी अर्जाशी ताडून पाहा. चूक असेल तर त्याच आठवड्यात लिहून कळवा. नाकारल्याचे उत्तरही जपा. तोंडी नकार आला तर "आज झालेल्या चर्चेनुसार माझी रजा मंजूर होऊ शकत नाही असे कळले" असा छोटा ईमेल स्वतःच टाका. न घेतलेली रजा पुढे घेतली म्हणून खात्यातून वजा झाली, तर हाच कागद कामी येतो.

सेवापुस्तक वर्षातून एकदा दाखवून सही घेण्याची पद्धत आहे. बरेच जण उभ्या उभ्या सही करतात. रजेच्या हिशेबाचे पान उघडून वहीतल्या ओळी ताडल्याशिवाय ती सही करू नका. दुय्यम सेवापुस्तक मिळत असेल तर तेही अद्ययावत करून घ्या.

कागदच सापडत नसतील तर

जुन्या रजेचा अर्ज तुमच्याकडे नाही आणि कार्यालय म्हणते नस्ती मिळत नाही, अशा वेळी माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली स्वतःचेच कागद मागता येतात. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील. "माझ्या रजेची सर्व माहिती" असे मागू नका. त्या महिन्याच्या हजेरीपटाचे पान, आवक नोंदवहीतले त्या आठवड्याचे पान, आदेशाची प्रत आणि त्यावरची टिपणी असे नेमके मागा. आदेश हरवला तरी आवक नोंदवहीत तुमच्या अर्जाचा विषय एका ओळीत लिहिलेला असतो, आणि "परिवर्तित रजा अर्ज" असे तीन शब्द तिथे सापडले तर निवेदनाला जोडायला तेवढे पान पुरते.