टी-बिल घ्यायचंय? अर्ज भरण्याआधी दराचं गणित करून पाहा

कोथरूडच्या माझ्या मावशीचं टी-बिल, म्हणजे सरकारचं अल्प मुदतीचं कर्जपत्र, थोडक्यात राहिलं असतं. ३६४ दिवसांच्या, दर्शनी १ लाखाच्या बिलाचा भाव शंभराला ९४ रुपये धरून तिने वहीत वटाव दर काढला होता ६.०२ टक्के. बँकेची एफडी ६.२५ देत होती. "मग हा खटाटोप कशाला?" हा तिचा प्रश्न रास्त होता, चुकला होता तो भागाकार.

टी-बिलावर व्याज मिळत नाही. ते दर्शनी किमतीपेक्षा कमी भावात मिळतं आणि मुदत संपली की पूर्ण रक्कम हातात येते. मावशीने ९४,००० भरायचे आणि १ लाख घ्यायचे, म्हणजे फरक ६,०००. वटाव दरात हा फरक दर्शनी किमतीवर मोजतात:

६ ÷ १०० × ३६५ ÷ ३६४ = ६.०२%

पण खिशातून जातात ९४, १०० नव्हे. म्हणून खरा परतावा असा:

६ ÷ ९४ × ३६५ ÷ ३६४ = ६.४०%

हातात फक्त वटाव दर असेल तर त्याला (१ − दर × दिवस ÷ ३६५) ने भागायचं. ०.०६०१६५ ÷ ०.९४ केलं की पुन्हा ६.४० टक्केच येतात. रिझर्व्ह बँकेच्या लिलावाच्या निकालात भावाशेजारी हाच परतावा छापलेला असतो. अमेरिकेतल्या बिलांचा वटाव दर मात्र ३६० दिवसांच्या वर्षावर काढतात, त्यामुळे तिकडचं सूत्र इथे वापरलं की आकडा चुकतो.

एफडीवरही अन्याय नको. ६.२५ टक्के तिमाही चक्रवाढीने वर्षाला ६.४० च्या आसपासच जातात. म्हणजे मावशीला दोन्ही सारखेच होते. फरक एवढाच की टी-बिलावर टीडीएस कापला जात नाही. कर मात्र भरावाच लागतो.

टी-बिल घेण्यासाठीचं खातं rbiretaildirect.org.in वर मोफत उघडतं. पॅन, केवायसीसाठी आधारसारखा पुरावा, रुपयांतलं बचत खातं, मोबाईल आणि ईमेल लागतो. नॉमिनीचं नावही तयार ठेवा. संयुक्त खातं असेल तर दोघांचीही केवायसी होते. मावशीचं घोडं अडलं ते नावावर: पॅनवर माहेरचं, बँकेत सासरचं. आधी ते सारखं करून घ्या.

लिलाव सहसा बुधवारी असतो. ९१, १८२ किंवा ३६४ दिवसांपैकी मुदत निवडायची, किमान १०,००० आणि पुढे त्याच पटीत. भाव आपण सांगायचा नसतो, स्पर्धात्मक बोलींचा भारित सरासरी भाव आपल्याला लागतो. म्हणजे अर्ज करताना नेमका परतावा कळत नाही, मागच्या लिलावावरून अंदाज बांधावा लागतो. मुदतीआधी विकायचं झालं तर छोट्या रकमेला गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. मावशीने म्हणून ३६४ सोडून ९१ दिवसांचं घेतलं. दिवाळीआधी पैसे हवे होते.