ईसीजी : निरोगी आलेख व त्याचे वाचन

हृदयाच्या स्नायूत प्रत्येक ठोक्याला निर्माण होणारे विद्युत् बदल त्वचेवर लावलेल्या विद्युतग्रांच्या साहाय्याने टिपून कागदावर काढलेल्या रेषेस विद्युत् हृदयालेख किंवा व्यवहारात ईसीजी म्हणतात. मनुष्याचा असा आलेख ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. पण लहरींना आज रूढ असलेली पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे डच शरीरक्रियावैज्ञानिक विलेम आइन्टहोव्हेन यांची आहेत. वर्णमालेच्या मध्यापासून सुरुवात का केली, याबद्दल एकमत नाही. सुरुवातीची अक्षरे केशिका विद्युतमापक या जुन्या उपकरणाच्या मूळ रेषेतील लहरींना आधीच दिली गेली होती, म्हणून गणिताने दुरुस्त केलेल्या रेषेसाठी पुढची घेतली, असे एक मत आहे. भूमितीत वक्रावरील बिंदूंना पी, क्यू म्हणण्याच्या प्रथेकडे दुसरे मत बोट दाखवते. दोन्ही मते परस्परविरोधी नाहीत आणि दुसऱ्यामुळे नेमके ‘पी’च का, याचाही उलगडा होतो.

कागद सामान्यतः सेकंदाला २५ मिमी. या वेगाने सरकतो. त्यामुळे १ मिमी.चा लहान चौकोन आडव्या दिशेने ०.०४ सेकंद आणि पाच लहान चौकोनांचा मोठा चौकोन ०.२० सेकंद दर्शवतो. उभ्या दिशेने १० मिमी. म्हणजे १ मिलिव्होल्ट. वाचनाआधी आलेखावर छापलेला वेग पाहणे आवश्यक असते, कारण तोच आलेख ५० मिमी. वेगाने काढल्यास सर्व अंतरे दुप्पट रुंद दिसतात.

उत्तेजना उजव्या अलिंदातील सायनस गाठीत उगम पावते. गाठीची स्वतःची क्रिया त्वचेवर उमटत नाही. उत्तेजना अलिंदांत पसरली की पी लहर दिसते. त्यानंतरची सपाट रेषा फसवी असते. त्या वेळी उत्तेजना अलिंद-निलय गाठीतून संथपणे आणि पुढे हिस-पर्किंजी तंतूंतून जात असते, पण या ऊतींचा आकार इतका लहान की त्यांचा विद्युत्‌दाब पृष्ठभागावर पोचत नाही. पी लहरीच्या आरंभापासून क्यू, आर, एस या सलग लहरींच्या म्हणजे क्यूआरएसच्या आरंभापर्यंतचे पीआर अंतर प्रौढांत ०.१२ ते ०.२० सेकंद असते. पुढे निलयांचा पडदा डावीकडून उजवीकडे उत्तेजित होतो व काही अग्रणींत, म्हणजे हृदयाकडे वेगवेगळ्या दिशांनी पाहणाऱ्या नोंदींत, छोटी क्यू उमटते. मग निलयांचे मुख्य स्नायू उत्तेजित होऊन उंच आर येते. क्यूआरएसची रुंदी ०.१२ सेकंदापेक्षा कमी असते. अलिंदांचे पुनर्ध्रुवण, म्हणजे उत्तेजनेनंतर पूर्ववत होणे, याच सुमारास घडते, पण ते क्यूआरएसखाली बहुतांशी झाकले जाते.

टी लहर निलयांच्या पुनर्ध्रुवणाची आहे, आणि येथे एक कोडे आहे. विध्रुवण म्हणजे उत्तेजित होणे; त्याच्या उलट प्रक्रियेची लहर उलटीच दिसायला हवी. मात्र निरोगी माणसात बहुतेक अग्रणींत टी आरच्याच दिशेने वर असते. विध्रुवण निलयाच्या आतल्या थराकडून बाहेर जाते, तर बाहेरचा थर उशिरा उत्तेजित होऊनही आधी पूर्ववत होतो. म्हणजे प्रक्रियाही उलटी आणि तिचा मार्गही उलटा. त्यामुळे चिन्ह पुन्हा धन येते. हे पारंपरिक स्पष्टीकरण होय. भिंतीच्या जाडीतील हा फरक मुख्य की हृदयाच्या शिखर व तळ यांतील फरक, हा वाद सुरू आहे. दोन्हींचा वाटा असावा असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. टीनंतर कधीकधी दिसणाऱ्या लहान यू लहरीचा उगम अनिश्चित आहे.

उदाहरणार्थ, दुसऱ्या अग्रणीत दोन आर शिखरांमध्ये २० लहान चौकोन भरले, तर अंतर ०.८० सेकंद आणि गती मिनिटाला ७५ ठोके. पीआर ४ चौकोन म्हणजे ०.१६ सेकंद, क्यूआरएस २ चौकोन म्हणजे ०.०८ सेकंद, आणि क्यूच्या आरंभापासून टीच्या अखेरीपर्यंत ९ चौकोन म्हणजे ०.३६ सेकंद. हे क्यूटी अंतर गतीनुसार बदलते, म्हणून बॅझेट यांच्या १९२० च्या सूत्राने त्यास आर-आर अंतराच्या वर्गमुळाने भागतात: ०.३६ ÷ ०.८९ = सुमारे ०.४० सेकंद, म्हणजे सर्वसाधारण मर्यादेत. गती फार जलद असता हे सूत्र अवाजवी मोठे आणि फार मंद असता अवाजवी लहान उत्तर देते.

आलेख विकृत दिसल्यास आधी तारा तपासाव्यात. उजव्या व डाव्या हाताच्या तारांची अदलाबदल झाल्यास पहिल्या अग्रणीत पी, क्यूआरएस आणि टी तिन्ही उलट्या दिसतात, तर छातीवरील अग्रणींत क्रम नेहमीसारखा राहतो. एव्हीआर अग्रणीत या लहरी उलट्या असणे मात्र स्वाभाविक आहे, कारण ती हृदयाकडे उजव्या खांद्याच्या बाजूने पाहते. विश्रांतीच्या वेळी काही सेकंदांचा आलेख निरोगी आला, तरी अधूनमधून होणारी लयबिघाड किंवा केवळ श्रमाने जाणवणारा रक्तपुरवठ्याचा अडथळा त्यातून सुटू शकतो.